नुसता आकडा, ना युनिट ना रेंज: लॅब रिपोर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी आकडा बघतो, तोच टाइप करतो आणि विचारतो, "हे ठीक आहे ना?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "युनिट आणि रेंज पाठवा, मग सांगतो." विचारणाऱ्याला ते टोलवाटोलवी वाटते, आणि काळजीत असलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिकच आहे. असं उत्तर का येतं यावर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

1. मी टेस्टचं नाव आणि आकडा दोन्ही लिहिलं. मग अर्थ सांगता न येण्यासारखं काय राहिलं?

दोन गोष्टी राहिल्या. हा आकडा कशात मोजलाय, आणि ज्या लॅबने मोजला ती निरोगी माणसात किती अपेक्षित धरते. पहिली गोष्ट म्हणजे युनिट, दुसरी म्हणजे रेफरन्स रेंज.

व्हिटॅमिन डी 45 असं कुणी लिहिलं तर दोन शक्यता असतात. युनिट ng/mL असेल तर पातळी चांगली आहे, काही करायची गरज नाही. युनिट nmol/L असेल तर तेच 45 म्हणजे ng/mL मध्ये फक्त 18, आणि 20 च्या खालच्या पातळीला बहुतेक डॉक्टर कमतरता म्हणतात. दोन्ही युनिटं जगभर रोजच्या वापरात आहेत आणि 45 हा आकडा दोन्हींत अगदी सहज येतो. अंदाजाने उत्तर दिलं तर एकतर गरज नसताना गोळ्या सुरू होतील, नाहीतर खरी कमतरता तशीच राहील.

2. रिपोर्टवर युनिट आणि रेंज कुठे बघायची?

एका ओळीत साधारण चार रकाने असतात: टेस्टचं नाव, आकडा, युनिट आणि रेंज. युनिटच्या रकान्यात mg/dL, g/L, U/L असं काहीतरी असतं. रेंजच्या रकान्यावर 'बायॉलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल', 'नॉर्मल रेंज' किंवा नुसतं 'रेफ.' असं शीर्षक दिसतं. टेस्टच्या नावाखाली बारीक अक्षरात बऱ्याचदा मोजण्याची पद्धत लिहिलेली असते. ती लोक हमखास सोडून देतात, पण काही टेस्टमध्ये सगळं तिच्यावरच अवलंबून असतं (प्रश्न 5 पाहा).

मोबाइलवर फोटो काढताना उजवी बाजू कापली जाते, आणि नेमके हेच दोन रकाने उजवीकडे असतात. पाठवण्याआधी फोटो मोठा करून उजवी कड तपासा.

3. अनुभवी माणसाला आकडा बघूनच युनिट ओळखता येत नाही का?

काही टेस्टमध्ये येतं. उपाशीपोटी साखर 98 असेल तर ती mg/dL, 5.4 असेल तर mmol/L. या दोन युनिटांत 18 पटीचं अंतर आहे, त्यामुळे सहसा घोळ होत नाही. क्रिएटिनिनचंही तसंच. 1.1 हे mg/dL आणि 97 हे µmol/L, कारण अंतर 88.4 पटीचं.

जिथे दोन युनिटांतलं अंतर लहान असतं तिथे अडचण येते. व्हिटॅमिन डीमध्ये ते अडीच पटीचं आहे. बी-12 मध्ये pg/mL चा आकडा 0.738 ने गुणला की pmol/L मिळतं, म्हणजे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. बी-12 चं 210 हे pg/mL असेल तर ते सीमारेषेवर आहे. pmol/L असेल तर pg/mL मध्ये ते 285 च्या आसपास जातं आणि चित्र बरंच निवळतं. नुसतं 210 बघून यातलं कुठलं हे अनुभवी डोळ्यालाही कळत नाही.

आणि जिथे ओळखता येतं तिथेही तो अंदाजच असतो. साखर 20 असा आकडा आला तर तो mmol/L मध्ये खूप वाढलेल्या साखरेचा आहे, की mg/dL मध्ये जीवघेण्या कमी साखरेचा? नेहमीच्या पट्ट्यातला आकडा असेल तेव्हा अंदाज बरोबर येतो. आकडा टोकाचा असला की तोच अंदाज फसतो, आणि लोक सर्वांत घाबरून विचारतात ते नेमके टोकाचेच आकडे.

4. वडिलांचं डी-डायमर 410 आलंय. पायाला सूज आहे. गुठळी आहे का?

हा प्रश्न नाव आणि वय बदलून सारखा येतो, म्हणून तो नीट उलगडून सांगतो. वडील 68 वर्षांचे आहेत असं धरू.

रक्ताची गुठळी शरीर विरघळवू लागलं की तिचे तुकडे रक्तात येतात. त्यातला एक तुकडा म्हणजे डी-डायमर. तो मोजायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत डी-डायमरचं स्वतःचं वजन धरतात आणि युनिटपुढे DDU लिहितात. दुसऱ्या रीतीत तो तुकडा ज्या फायब्रिनोजेनपासून आला त्याचं वजन धरतात आणि FEU लिहितात. फायब्रिनोजेनचा रेणू बराच मोठा असल्याने त्याच रक्ताचा FEU मधला आकडा DDU पेक्षा जवळपास दुप्पट येतो. नेहमी वापरली जाणारी मर्यादा FEU मध्ये 500 ng/mL आहे. DDU मध्ये ती 250 च्या आसपास असते, किटनुसार थोडी खाली-वर.

आता 410 कडे बघू. ते ng/mL FEU असेल तर 500 च्या आत आहे. डॉक्टरांनी तपासून गुठळीची शक्यता कमी ठरवली असेल, तर या आकड्यावर ती बहुधा बाजूला ठेवता येते. ते ng/mL DDU असेल तर FEU च्या हिशेबात साधारण 820 होतं. पन्नाशीनंतर वयाला 10 ने गुणून मर्यादा वाढवायची एक मान्य पद्धत आहे, पण तिच्यानुसारही 68 व्या वर्षी मर्यादा 680 FEU येते. म्हणजे आकडा तिच्याही वर आहे, आणि पायाची सोनोग्राफी करून नसांमध्ये गुठळी आहे का हे बघावं लागेल. आकडा एकच असून एका अर्थाने तपास जवळपास संपतो आणि दुसऱ्या अर्थाने तो आजच्या आज पुढे न्यावा लागतो.

यात आणखी एक फसवी जागा आहे. पुष्कळ रिपोर्टवर नुसतं ng/mL असतं, पुढे FEU किंवा DDU काहीच नसतं. म्हणजे युनिट पाठवलं तरी प्रश्न सुटत नाही. अशा वेळी रेंज कामी येते. शेजारी '500 पेक्षा कमी' असेल तर मोजमाप बहुधा FEU मध्ये, '250 पेक्षा कमी' किंवा त्याच्या आसपास काही असेल तर DDU मध्ये. खात्री हवी असेल तर लॅबला फोन करून "तुमचं डी-डायमर एफईयूमध्ये आहे की डीडीयूमध्ये?" एवढंच विचारा. ज्यांनी टेस्ट केली त्यांना ते माहीत असतं.

0.41 असा आकडा आला तर तो बहुधा mg/L किंवा µg/mL मध्ये असतो. ही दोन्ही युनिटं एकच आहेत, आणि 0.41 mg/L म्हणजे 410 ng/mL. इथेही FEU की DDU हा प्रश्न उरतोच.

सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा दम लागत असेल तर यातलं काहीही शोधत बसू नका. प्रश्न 13 पाहा.

5. दोन्ही लॅबचं युनिट सारखंच आहे, तरी रेंज वेगवेगळी का? एक लॅब चुकीची आहे का?

बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. साखर, सोडियम, पोटॅशियम यांसारखे साधे पदार्थ कुठल्याही मशीनवर जवळपास सारखेच मोजले जातात, त्यामुळे रेंजही मिळत्याजुळत्या असतात. पण अनेक टेस्टमध्ये पदार्थ थेट मोजला जात नाही. त्याला चिकटणारी अँटिबॉडी वापरून तो पकडला जातो, आणि प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी त्या रेणूच्या वेगळ्या भागाला चिकटते. हृदयाच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन-आय हे याचं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण आहे. दोन कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात आणि दोन्हींची मर्यादाही वेगळी असते. एका किटची मर्यादा दुसऱ्या किटच्या आकड्याला लावली तर झटका आलेला माणूस 'नॉर्मल' ठरू शकतो.

म्हणून रेंज मागतो ती त्याच रिपोर्टवरची. ती रेंज बघूनच आकडा कुठल्या मोजपट्टीवर घेतलाय याचा अंदाज येतो.

6. रेंज रिपोर्टवर नाहीच. इंटरनेटवर सापडलेली लावू का?

ज्या टेस्टमध्ये युनिट नक्की माहीत आहे आणि पद्धतीने फारसा फरक पडत नाही, तिथे ढोबळ अंदाजापुरती चालेल. सोडियम 140 mmol/L असेल तर कुठल्याही विश्वासार्ह तक्त्यात ते मध्येच पडेल. पण हार्मोन, एन्झाइम, ट्रोपोनिन, डी-डायमर, ट्यूमर मार्कर यांना उसनी रेंज लावू नका. का ते प्रश्न 4 आणि 5 मध्ये आलं आहे. त्याऐवजी लॅबकडे रेंजसह रिपोर्ट मागा. मशीनमध्ये ती भरलेली असते, फक्त काही वेळा छापली जात नाही.

7. रिपोर्ट कॉपी करून पेस्ट केला. युनिट आणि रेंज आहेत, तरी 'मूळ फोटो पाठवा' असं का सांगतात?

कारण पेस्ट करताना जे बिघडतं ते पेस्ट करणाऱ्याला दिसत नाही, आणि हे फार वेळा घडतं.

पांढऱ्या पेशींचं युनिट छापील रिपोर्टवर 10³/µL असं असतं. पेस्ट केल्यावर वरचा छोटा 3 खाली येतो आणि ओळ अशी दिसते:

```
WBC 7.2 103/µL 4.0 10.0
```

मग विचारणारा लिहितो, "माझं डब्ल्यूबीसी 103 आहे, रेंज 4 ते 10 आहे, मला ब्लड कॅन्सर आहे का?" प्रत्यक्षात पेशी 7.2 हजार आहेत आणि अगदी व्यवस्थित आहेत. 103 हा युनिटचाच तुकडा आहे. प्लेटलेटमध्येही असंच होतं: 210, 2.1 आणि 2,10,000 हे तिन्ही आकडे एकाच रिपोर्टचे असू शकतात. पहिला हजारांत, दुसरा लाखांत आणि तिसरा पूर्ण संख्येत.

दुसरी गडबड µ या खुणेची. काही फॉन्टमध्ये ही खूण पेस्ट केल्यावर साधा m होते, आणि मायक्रोचं मिली होणं म्हणजे हजार पटीचा फरक. टीएसएच 3.2 µIU/mL हा नेहमीचा आकडा आहे. पेस्ट करताना तो 3.2 mIU/mL झाला तर वाचणाऱ्याला हजारपट टीएसएच दिसतं. गंमत अशी की mIU/L हेही टीएसएचचं बरोबर युनिट आहे आणि 3.2 mIU/L म्हणजे 3.2 µIU/mL च. फरक शेवटच्या mL आणि L मध्ये आहे, आणि घाईत तो कुणाच्याच लक्षात येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्याआधीची '<' किंवा '>' ही खूण गळते. '<0.01' म्हणजे मशीनला मोजता येईल इतकंही सापडलं नाही. नुसतं 0.01 म्हणजे सापडलं आणि मोजलं. प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या पीएसए तपासणीत हा फरक रुग्णाला फार महत्त्वाचा असतो.

रकाने तर सर्रास एकमेकांत मिसळतात. '1.02 0.70 1.30' अशी ओळ आली की त्यात आकडा कुठला आणि रेंज कुठली हे बऱ्याचदा ओळखता येतं, पण बऱ्याचदा नाहीही. म्हणून फोटो मागतो.

8. आकड्यासमोर H किंवा L आहे, किंवा आकडा ठळक केलाय. तेवढं पुरेसं नाही का?

त्यातून एवढंच कळतं की लॅबच्या संगणकात भरलेल्या रेंजबाहेर आकडा गेला. किती बाहेर गेला हे कळत नाही, आणि रेंज तुमची होती का हेही कळत नाही. नोंदणी करताना वय किंवा लिंग चुकलं तर रेंजही चुकीची लागते. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण हाडं वाढत असतात. मोठ्यांची रेंज लागली की निरोगी मुलाच्या रिपोर्टवर H दिसतो आणि घरात यकृताच्या आजाराची चर्चा सुरू होते.

आणि H नसणं म्हणजे सगळं ठीक असं नाही. त्याचं उदाहरण प्रश्न 12 मध्ये आहे.

9. आकडा रेंजच्या जरासा बाहेर आहे. म्हणजे आजार आहेच ना?

आधी रेंज कशी बनते ते सांगतो. निरोगी लोकांचा एक गट घेतात (किमान 120 जण असावेत अशी शिफारस असते), त्यांची टेस्ट करतात, आणि मधले 95 टक्के लोक ज्या पट्ट्यात येतात ती रेंज ठरते. म्हणजे 5 टक्के निरोगी माणसं रेंज ठरवतानाच तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर येण्याची शक्यता 64 टक्के आहे. मोठं 'फुल बॉडी' पॅकेज केल्यावर एक-दोन खुणा येणं यात बसतं.

काही टेस्टच्या रेंज मात्र अशा बनलेल्याच नसतात. कोलेस्टेरॉल, एचबीए1सी, व्हिटॅमिन डी यांत 'निरोगी लोकांचा मधला पट्टा' बघत नाहीत. कुठल्या आकड्यापुढे धोका वाढतो त्यावरून मर्यादा ठरवतात. म्हणून अशा रिपोर्टवर रेंजऐवजी 'कमतरता', 'पुरेसे', 'मधुमेह' असे टप्पे छापलेले असतात. ते टप्पेही पाठवा. आणि तिथेही युनिट लागतंच: एचबीए1सी 48 असं कुणी लिहिलं की धक्का बसतो, पण ते mmol/mol असेल तर टक्क्यांत 6.5 होतं, म्हणजे मधुमेहाची सीमारेषा.

10. युरिया 40 आलंय. दुसरा रिपोर्ट म्हणतो बीयूएन 19. एवढा फरक कसा?

दोन्ही एकच गोष्ट सांगताहेत. बीयूएनमध्ये युरियातलं फक्त नायट्रोजन मोजतात. ते 2.14 ने गुणलं की युरिया मिळतं, आणि 18.7, म्हणजे पूर्णांकात 19, याला 2.14 ने गुणलं की 40 येतं. दोन्हींचं युनिट mg/dL च असतं, त्यामुळे इथे युनिटवरून काही कळत नाही, टेस्टचं नेमकं नावच बघावं लागतं. बोलताना लोक दोन्हींना 'युरिया' म्हणतात आणि मग 'बीयूएन 40' हे 'युरिया 40' म्हणून पाठवलं जातं. बीयूएन 40 म्हणजे युरिया 86, आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने ती वेगळी गोष्ट आहे.

11. मागच्या वर्षी क्रिएटिनिन 0.9 होतं, आता 84. किडनी गेली का?

नाही. पहिला आकडा mg/dL आहे आणि दुसरा µmol/L. 84 ला 88.4 ने भागलं की 0.95 येतं. बदल नगण्य आहे.

स्वतः युनिट बदलायचं असेल तर साखर (18), क्रिएटिनिन (88.4) आणि व्हिटॅमिन डी (2.5) अशा टेस्टमध्ये खुशाल बदला, पण मूळ आकडा आणि मूळ युनिटही सोबत ठेवा. गुणायचं की भागायचं यात चूक होते, आणि मूळ नसेल तर ती कुणालाच सापडत नाही. FEU आणि DDU ची अदलाबदल मात्र करू नका. 'जवळपास दुप्पट' हा ढोबळ हिशेब आहे, त्यावर उपचार ठरवत नाहीत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या ट्रोपोनिनचीही अशी अदलाबदल होत नाही.

12. आता युनिट, रेंज सगळं दिलं. तरी 'आणखी माहिती हवी' असं का?

कारण रेंज कुणाची आहे हेही कळायला हवं. क्रिएटिनिन 0.9 mg/dL हे मोठ्या माणसांच्या रेंजमध्ये आहे, त्यावर H येत नाही. पण गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त रक्त गाळतात आणि क्रिएटिनिन खाली उतरतं. सातव्या महिन्यात 0.9 दिसलं तर प्रसूतितज्ज्ञ थांबून रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन बघतील. तसंच, क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. वजन उतरलेल्या, अशक्त आजींचं 1.0 आणि व्यायाम करणाऱ्या तरुणाचं 1.0 यांतून मूत्रपिंडाचं काम सारखंच आहे असं ठरत नाही. आजींचं काम बरंच कमी झालेलं असू शकतं.

सॅम्पलचंही बघावं लागतं. पोटॅशियम 5.9 mmol/L आहे (mEq/L लिहिलं असेल तरी आकडा तोच) आणि खाली बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड' अशी नोंद आहे, म्हणजे रक्त घेताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडलं. अशा वेळी पुन्हा रक्त घेऊन बघणं भाग असतं. तळटीप पाठवा असं म्हणतो ते म्हणूनच.

वय, लिंग, गरोदरपण, चालू औषधं, सॅम्पल किती वाजता घेतलं आणि उपाशीपोटी घेतलं का, आणि टेस्ट कशासाठी केली, एवढं कळलं तर बहुतेक वेळा अडत नाही. यातलं शेवटचं लोक लिहीतच नाहीत, पण डी-डायमरसारख्या टेस्टमध्ये अर्ध्याहून जास्त उत्तर त्यातच असतं. ऑपरेशन, बाळंतपण किंवा मोठा संसर्ग यानंतर ते गुठळी नसतानाही वाढलेलं असतं.

13. त्रास होतोय आणि युनिट मिळत नाही. काय करू?

युनिटची वाट बघू नका. छातीत दुखणं, दम लागणं, एका पायाला अचानक सूज, गुंगी, शुद्ध हरपणं, रक्तस्राव न थांबणं यांपैकी काही असेल तर रुग्णाला थेट इस्पितळात न्या आणि रिपोर्ट सोबत घ्या, अर्धवट असला तरी. तिथले डॉक्टर माणूस बघून निर्णय घेतात आणि लागली तर टेस्ट पुन्हा करतात. लॅबने स्वतःहून फोन करून आकडा कळवला असेल तर तेही तातडीचं समजा, कारण धोक्याच्या पातळीचे आकडे लॅब सहसा असेच फोनवर कळवतात. तो फोन घेताना युनिट विचारून लिहून घ्या.

14. जुना रिपोर्ट आहे, लॅब बंद झाली, युनिट छापलेलंच नाही. आता काहीच कळणार नाही का?

कधी कधी त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यांवरून कळतं. समजा, युरिया 36, क्रिएटिनिन 0.9 आणि खाली 'बीयूएन-क्रिएटिनिन रेशो 18.7' असं आहे. 36 हे खरंच युरिया असेल तर बीयूएन 16.8 होतं, आणि 16.8 ला 0.9 ने भागलं की 18.7 येतं. जुळलं. 36 हे बीयूएन असतं तर रेशो 40 छापला असता. हिमोग्लोबिनचंही तसंच. ते हिमॅटोक्रिटच्या साधारण एक तृतीयांश असेल तर g/dL मध्ये आहे, जसं 13.5 आणि 40.

पण ही युक्ती चालायला सोबत दुसरा आकडा लागतो. व्हिटॅमिन डी, बी-12 किंवा डी-डायमर एकटंच छापलेलं असेल, तर त्या कागदावरून युनिट परत काढता येत नाही. अशा जुन्या आकड्याची नव्याशी तुलना करू नका. आज त्या टेस्टची गरज असेल तर ती पुन्हा करून घ्या आणि नवा रिपोर्ट तळटिपांसह पूर्ण जपून ठेवा.